सभागृहातून थेट : व्याख्यानाचे प्रक्षेपण, बिटरेटची निवड आणि पर्यायी मुद्रण

न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या पुढाकाराने १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू झाली आणि पुढे महाराष्ट्रातील लहानमोठ्या गावांच्या सार्वजनिक वाचनालयांनीही आपापल्या व्याख्यानमाला उभ्या केल्या. या व्याख्यानमालांचा श्रोता दीर्घकाळ सभागृहात बसणाराच होता. २०२० च्या टाळेबंदीत व्याख्याने पडद्यावर आली, आणि सभागृहे पुन्हा उघडल्यानंतरही परगावी किंवा परदेशी राहणाऱ्या श्रोत्यांसाठी ती थेट दाखवण्याची प्रथा अनेक ठिकाणी टिकून राहिली. हे काम बहुधा वाचनालयाचा एखादा तरुण कार्यकर्ता हाताशी असलेल्या फोनवर किंवा लॅपटॉपला जोडलेल्या वेबकॅमवर करतो. प्रस्तुत पुस्तिका त्याच्यासाठी आहे. महागडे कॅमेरे, अनेक कोनांतून चित्रण, पडद्यावरील सजावट हे विषय तिने बाजूला ठेवले असून एक वक्ता, एक कॅमेरा, एक ध्वनिक्षेपक आणि सुमारे दोन तासांचा कार्यक्रम एवढीच मर्यादा आखून घेतली आहे.

या मर्यादेतही एक गोष्ट आरंभीच स्पष्ट होणे आवश्यक आहे. थेट प्रक्षेपणात दोन निरनिराळी कामे एकाच वेळी चालतात : व्याख्यान त्या क्षणी दूरच्या श्रोत्यापर्यंत पोहोचवणे हे एक, आणि ते पुढील काळासाठी नीट जतन करणे हे दुसरे. पहिले काम इंटरनेटच्या जोडणीवर अवलंबून असते व त्यात वेळ पाळणे हे सर्वांत महत्त्वाचे ठरते. दुसऱ्या कामाचा इंटरनेटशी काही संबंध नसतो आणि त्यात गुणवत्ता महत्त्वाची असते. यूट्यूबवर प्रक्षेपण संपल्यावर त्याची प्रत आपोआप राहते म्हणून वेगळ्या मुद्रणाची गरज नाही, असा समज सर्वत्र आढळतो. परंतु ती प्रत म्हणजे यूट्यूबपर्यंत जे पोहोचले तेवढेच असते. वाटेत गळालेली वाक्ये तिच्यातही नसतात, आणि प्रक्षेपण बारा तासांपेक्षा लांबले तर संपूर्ण प्रत राहील अशी खात्री धरता येत नाही. म्हणून बिटरेटचा आणि मुद्रणाचा विचार स्वतंत्रपणे करावा, हा या पुस्तिकेचा मुख्य आग्रह आहे.

बिटरेट म्हणजे चित्र व ध्वनी यांसाठी दर सेकंदाला खर्च होणाऱ्या बिटांची संख्या. ती किलोबिटांत मोजतात. हजार किलोबिट म्हणजे एक मेगाबिट, आणि आठ बिट मिळून एक बाइट होतो. इंटरनेटचा वेग बिटांत सांगितला जातो व फाइलचा आकार बाइटांत, त्यामुळे दोहोंची तुलना करताना आठने भागण्याचे विसरले की सगळा हिशोब कोलमडतो. १२८० गुणिले ७२० बिंदूंचे, म्हणजे ज्याला ७२०पी म्हणतात ते चित्र, सेकंदाला तीस वेळा आणि प्रत्येक बिंदूला चोवीस बिट या दराने जसेच्या तसे पाठवायचे झाले तर सेकंदाला सुमारे ६६४ मेगाबिट लागतील. प्रत्यक्षात दोन-तीन मेगाबिटांत भागवावे लागते. हे संक्षेपण करणाऱ्या यंत्रणेला एन्कोडर म्हणतात. तो संपूर्ण चित्र अधूनमधूनच पाठवतो आणि मधल्या काळात आधीच्या चित्रापेक्षा काय बदलले एवढेच कळवतो. या पूर्ण चित्राला की-फ्रेम असे नाव आहे. व्यासपीठावर उभा असलेला वक्ता आणि त्यामागील न हलणारा पडदा एवढेच दृश्य असल्याने बदल थोडा असतो, आणि म्हणूनच नृत्याच्या किंवा कबड्डीच्या प्रक्षेपणाला जो बिटरेट अपुरा पडेल तो व्याख्यानाला पुरतो.

कोणता बिटरेट निवडावा याचे उत्तर कॅमेऱ्यात शोधू नये. ते सभागृहातून बाहेर जाणाऱ्या जोडणीत असते. येथे वेगाची चाचणी करताना डाउनलोडचा मोठा आकडा पाहून समाधान मानण्याची चूक सहज होते. प्रक्षेपणाला लागतो तो अपलोडचा वेग, म्हणजे सभागृहाकडून बाहेर माहिती जाण्याचा वेग, आणि मोबाइल जोडणीत तो डाउनलोडच्या मानाने बराच कमी असतो. शिवाय एका मनोऱ्याची क्षमता त्याच्या टापूतील सर्व फोन वाटून घेतात. रिकाम्या सभागृहात दुपारी केलेली चाचणी म्हणूनच फसवी ठरते, कारण संध्याकाळी दोनशे श्रोते येतात तेव्हा त्यांच्यासोबत दोनशे फोनही येतात. चाचणी त्याच जागी, त्याच वेळी, शक्यतो आदल्या दिवशीच्या व्याख्यानाला गर्दी असताना आणि निदान तीन-चार वेळा करावी. त्यांतील सरासरी घेऊ नये. सर्वांत कमी आलेला आकडा धरावा आणि त्याच्याही निम्म्यापासून साठ टक्क्यांपर्यंतच बिटरेट ठेवावा. हा नियम कंजूषपणाचा वाटला तरी त्यामागे कारण आहे : वेगाची चाचणी काही सेकंदांची असते, तर प्रक्षेपण दोन तास अखंड चालते, आणि त्या दोन तासांतील सर्वांत वाईट मिनिटातही ते टिकावे लागते.

एक उदाहरण आकड्यांसह तपासून पाहता येईल. समजा, तालुक्याच्या गावातील एका वाचनालयाच्या सभागृहात फोनच्या हॉटस्पॉटवरून प्रक्षेपण करायचे आहे आणि अपलोडची मोजणी दुपारी ९ मेगाबिट, सायंकाळी साडेपाच वाजता ५.२ आणि सभागृह भरल्यावर ३.८ मेगाबिट अशी आली. शेवटचा आकडा धरून त्याचे साठ टक्के काढले तर सुमारे २.३ मेगाबिट होतात. त्यात चित्रासाठी २००० आणि ध्वनीसाठी १२८ किलोबिट सहज बसतात. यूट्यूब ७२०पी आणि तीस फ्रेमच्या एच.२६४ प्रक्षेपणासाठी ४ मेगाबिटांची शिफारस करते, त्यामुळे नियंत्रणकक्षाच्या पडद्यावर बिटरेट कमी असल्याची सूचना दिसू शकते. ती पाहून घाबरून आकडा वाढवू नये. अखंड चालणारे २००० किलोबिटांचे चित्र दर मिनिटाला अडखळणाऱ्या ४००० किलोबिटांच्या चित्रापेक्षा श्रोत्याच्या अधिक उपयोगाचे असते. जोडणी याहून कमकुवत असेल, म्हणजे हाती हजार-बाराशे किलोबिटच येत असतील, तर ७२०पीचा हट्ट सोडून ८५४ गुणिले ४८० बिंदूंचे चित्र घ्यावे. त्यात बिंदूंची संख्या निम्म्याहून कमी होते, प्रत्येक बिंदूच्या वाट्याला अधिक बिट येतात आणि चेहऱ्यावर चौकोनी ठिकऱ्या दिसण्याऐवजी किंचित मऊ पण स्वच्छ चित्र मिळते.

याच उदाहरणात आणखी एक धोका दडलेला आहे. २१२८ किलोबिटांना ३६०० सेकंदांनी गुणून आठने भागले की तासाला सुमारे ०.९६ जीबी एवढा डेटा होतो. ज्या योजनेत दिवसाला २ जीबी मिळतात आणि त्यानंतर वेग ६४ किलोबिटांवर येतो, त्या योजनेवर सायंकाळी सहाला प्रक्षेपण सुरू केले तर आठ वाजून गेल्यावर, म्हणजे नेमके प्रश्नोत्तरांच्या वेळी, कोटा संपतो; तोही त्या फोनवर दिवसभर दुसरे काही पाहिले नसेल तरच. ६४ किलोबिटांत केवळ १२८ किलोबिटांचा ध्वनीसुद्धा मावत नाही. या बिघाडाची खूण अशी की सिग्नलच्या सर्व रेघा भरलेल्या दिसतात, फोन तापलेला नसतो, आणि तरीही प्रक्षेपण एकाएकी थांबते व पुन्हा उभे राहत नाही. अशा वेळी यंत्रे तपासत बसण्यापेक्षा कोट्याचा संदेश आला आहे का ते पाहावे; किंबहुना कार्यक्रमाच्या दिवशी सकाळीच जादा डेटाचे पॅक घालून ठेवावे.

बिटरेट न वाढवता चित्र सुधारण्याचा खात्रीचा मार्ग म्हणजे वक्त्याच्या चेहऱ्यावर पुरेसा प्रकाश. अंधूक जागी कॅमेरा आतील संवेदनशीलता वाढवतो आणि चित्रावर सतत वळवळणारे कण उमटतात. माणसाच्या डोळ्याला ते कण बिनमहत्त्वाचे वाटतात, पण एन्कोडरला प्रत्येक कण हा बदलच वाटतो आणि मागच्या भिंतीवरील कणांसाठी तो बिट उधळू लागतो, जे चेहऱ्यासाठी वापरता आले असते. कित्येक वेबकॅम तर अंधारात सेकंदाला तीसऐवजी पंधराच फ्रेम देतात, त्यामुळे हालचाल तुटक दिसते आणि दोष उगाच इंटरनेटला दिला जातो. भारतातील विजेचा पुरवठा ५० हर्ट्झचा असल्याने वेबकॅमच्या सेटिंगमध्येही तोच आकडा निवडावा. तेथे ६० असेल तर काही दिव्यांच्या उजेडात चित्रावर आडवे पट्टे सरकताना दिसतात. ध्वनीची बाब याहून सोपी आहे. तो बिटरेटचा अगदी लहान हिस्सा घेतो आणि व्याख्यानाचा सगळा आशय मात्र त्याच्यातच असतो. म्हणून वेबकॅमच्या अंगच्या मायक्रोफोनवर न विसंबता सभागृहाच्या मिक्सरमधून वायरने लॅपटॉपपर्यंत ध्वनी आणण्याची खटपट जरूर करावी.

लॅपटॉपवर या कामासाठी ओबीएस स्टुडिओ हे विनामूल्य सॉफ्टवेअर सर्वत्र वापरले जाते आणि पुस्तिकेतील पायऱ्याही त्याच्यावरच आधारलेल्या आहेत. सेटिंगमधील `Output` या भागात चित्राचा बिटरेट २००० व ध्वनीचा १२८ भरावा. त्याच भागाच्या प्रगत रूपात `Rate Control` समोर `CBR`, म्हणजे स्थिर बिटरेट, निवडावा, जेणेकरून दृश्य बदलले तरी जोडणीवरील भार एकसारखा राहील. आणि `Keyframe Interval` समोर २ लिहावे, म्हणजे दर दोन सेकंदांनी एक पूर्ण चित्र जाईल व मध्येच येणाऱ्या श्रोत्याला ताटकळावे लागणार नाही. यूट्यूबवर प्रक्षेपणाचा अधिकार प्रथमच मागितल्यावर तो मिळायला चोवीस तासांपर्यंत वेळ लागू शकतो, त्यामुळे हे काम कार्यक्रमाच्या सकाळवर ढकलू नये. नियंत्रणकक्षातील `Auto-stop` बंद ठेवावे, कारण ते चालू असताना जोडणी जरा जास्त वेळ तुटली तर यूट्यूब कार्यक्रम संपला असे समजून ते प्रक्षेपण बंद करते आणि श्रोत्यांना पाठवलेला दुवा निरुपयोगी होतो.

केवळ फोनवरून प्रक्षेपण करणाऱ्यापुढे थोडे वेगळे प्रश्न असतात. यूट्यूबच्या मोबाइल ॲपमधून थेट जाण्यासाठी वाहिनीला किमान ५० सदस्य असावे लागतात, आणि त्यात बिटरेट निवडण्याची मुभा नसते. जोडणी पाहून ॲप स्वतःच तो कमीजास्त करते. बिटरेट स्वतः ठरवायचा असेल तर लारिक्स ब्रॉडकास्टरसारखे ॲप घ्यावे लागते, ज्यात यूट्यूबच्या नियंत्रणकक्षातील गुप्त कळ भरून प्रक्षेपण करता येते आणि त्याच वेळी फोनमध्ये मुद्रणही करता येते. फोनचा खरा शत्रू उष्णता आहे. कॅमेरा, एन्कोडर, मोबाइल डेटा आणि चार्जिंग ही चारही कामे एकाच वेळी चालली की उन्हाळ्यात तासाभरातच फोन तापतो, आपला वेग घटवतो आणि चित्र अडखळू लागते. कॅमेरा एका फोनवर व हॉटस्पॉट दुसऱ्यावर अशी वाटणी केल्यास हा भार विभागला जातो, आणि कॅमेऱ्याचा फोन विमान अवस्थेत ठेवून केवळ वायफाय चालू करता येत असल्याने भर व्याख्यानात कोणाचा फोन येऊन ध्वनी तुटण्याची भीतीही राहत नाही.

आता मुद्रणाकडे वळता येईल, कारण या विषयावर उपलब्ध असलेल्या मार्गदर्शनात त्याचीच सर्वाधिक उपेक्षा झालेली दिसते. ओबीएसमध्ये मुद्रणाची गुणवत्ता ठरवताना पहिलाच पर्याय `Same as stream` असा असतो. तो निवडला म्हणजे प्रक्षेपणासाठी तयार झालेलेच संक्षेपित चित्र फाइलमध्ये उतरते; लॅपटॉपवर वेगळा भार पडत नाही आणि जोडणी तुटली तरी फाइल अखंड राहते. मात्र जोडणीच्या लाचारीमुळे स्वीकारलेला २००० किलोबिटांचा तोकडेपणा कायमच्या प्रतीलाही चिकटतो. याहून वाईट स्थिती अशी की अडचणीच्या वेळी बिटरेट आपोआप कमी करण्याची सोय चालू केलेली असेल, तर एन्कोडर एकच असल्याने ज्या मिनिटांत जोडणी खराब होती त्या मिनिटांचे मुद्रणही खराब होते. म्हणून लॅपटॉपची ताकद असेल तर मुद्रणासाठी दुसरा एन्कोडर लावावा. इंटेलच्या बहुतेक प्रोसेसरांत क्विक सिंक नावाची, तर एनव्हिडियाच्या कार्डांत एनव्हेंक नावाची संक्षेपणाची स्वतंत्र सोय असते. मुद्रण तिच्याकडे सोपवून ६००० किलोबिट द्यावेत. तासाला सुमारे पावणेतीन जीबी लागतात, आणि अडीच तासांच्या कार्यक्रमाला सात जीबीच्या आसपास.

ही फाइल पेन ड्राइव्हवर घेण्याचा मोह टाळावा. जुन्या पेन ड्राइव्हची मांडणी बहुधा फॅट३२ पद्धतीची असते आणि त्या पद्धतीत एका फाइलला चार जीबीहून मोठे होता येत नाही. वरील बिटरेटने ही सीमा दीड तासाच्या सुमारास गाठली जाते आणि मुद्रण तेथेच थांबते. फाइल लॅपटॉपच्या आतील डिस्कवर, आणि एमकेव्ही या स्वरूपात घ्यावी. साध्या एमपी४ फाइलची अनुक्रमणिका मुद्रण संपताना शेवटी लिहिली जाते, त्यामुळे मध्येच वीज गेली किंवा लॅपटॉप बंद पडला तर दोन तासांची फाइल असूनही ती उघडत नाही. एमकेव्ही मात्र तुटलेल्या क्षणापर्यंत शाबूत राहते. कार्यक्रमानंतर गुणवत्तेत काहीही घट न होता तिचे रूपांतर करता येते. त्यासाठी ओबीएसच्या `File` मेनूत `Remux Recordings` आहे, किंवा पुढील आज्ञा पुरते :

```
ffmpeg -i vyakhyan.mkv -c copy vyakhyan.mp4
```

प्रक्षेपण सुरू होताच मुद्रणही सुरू व्हावे यासाठी ओबीएसच्या `General` भागात `Automatically record when streaming` ही खूण असते, पण तिच्याखालील `Keep recording when stream stops` ही खूणही करणे अगत्याचे आहे. ती नसेल तर प्रक्षेपण थांबल्याबरोबर मुद्रणही थांबते, म्हणजे ज्या संकटासाठी दुसरी प्रत ठेवायची त्याच संकटात ती नाहीशी होते. शिवाय एकाच लॅपटॉपवरील प्रक्षेपण आणि मुद्रण यांचे दैव एकत्र बांधलेले असते. म्हणून स्वतःच्या बॅटरीवर चालणारा, इंटरनेट बंद केलेला एक जुना फोन तिवईवर लावून किंवा निदान व्याख्यात्याच्या मेजावर ध्वनिमुद्रण चालू करून ठेवून तिसरी वाट खुली ठेवावी. महावितरणचा पुरवठा खंडित झाला तर वायफायचा राउटर आणि मिक्सर एकाच वेळी बंद पडतात; अशा वेळी व्याख्याता आवाज चढवून बोलत राहतो आणि ते बोलणे टिपण्यासाठी त्या सभागृहात तो जुना फोन तेवढाच जागा असतो.

प्रक्षेपण चालू असताना बिघाड ओळखण्याचे शास्त्रही येथे थोडक्यात सांगणे जरूर आहे. ओबीएसच्या आकडेवारीच्या चौकटीत `Dropped Frames (Network)` आणि `Skipped frames due to encoding lag` अशा दोन निराळ्या ओळी असतात, आणि दोन्ही आजारांत श्रोत्याला चित्र अडखळतानाच दिसते. पहिला आकडा वाढू लागला तर जोडणी कमी पडते आहे. ओबीएस ज्या आरटीएमपी पद्धतीने यूट्यूबकडे माहिती पाठवते तिच्यात वाटेत हरवलेला तुकडा पुन्हा पाठवला जातो, त्यामुळे मागे रांग साचते आणि ती फार लांबली की ओबीएसला काही फ्रेम टाकून द्याव्या लागतात. यावर बिटरेट कमी करणे किंवा हॉटस्पॉटचा फोन खिडकीशी नेणे हे उपाय आहेत. दुसरा आकडा वाढला तर लॅपटॉप थकला आहे, आणि तेव्हा बिटरेट कितीही कमी केला तरी विशेष फरक पडत नाही. इतर खिडक्या बंद करणे, चित्राचा आकार लहान करणे किंवा एन्कोडर बदलणे हाच मार्ग राहतो. या दुसऱ्या आजारात मुद्रणही बिघडू शकते, म्हणून तो अधिक गंभीर समजावा. दोन्ही आकडे शून्य असूनही तक्रार आली तर दोष बहुधा त्या श्रोत्याच्या जोडणीत असतो. त्याची शहानिशा करण्यासाठी एका सहकाऱ्याने वेगळ्या कंपनीच्या डेटावर, कानाला हेडफोन लावून, प्रक्षेपण सतत ऐकत राहावे. काही सेकंदांच्या विलंबाने का होईना, श्रोत्याला काय मिळते आहे हे फक्त त्यालाच कळते.

पुढील प्रकरणांत या पायऱ्या पडद्यांच्या चित्रांसह क्रमाने आल्या आहेत, आणि शेवटचे प्रकरण कार्यक्रमानंतरच्या तासाभराविषयी आहे. त्या वेळात मुद्रणाची फाइल सुरुवातीला, मध्यभागी आणि शेवटी ऐकून ओठ व आवाज जुळतात का ते पाहावे, तिची दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर उतरवावी आणि त्यानंतरच जुन्या फोनमधील चित्रण पुसावे. यूट्यूबवर आधीच राहिलेल्या प्रतीच्या जागी नवी फाइल बसवता येत नाही, म्हणून चांगले मुद्रण स्वतंत्र व्हिडिओ म्हणून चढवावे आणि जुन्या प्रक्षेपणाच्या वर्णनात त्याचा दुवा द्यावा, म्हणजे ज्या श्रोत्याचे व्याख्यान मध्येच तुटले होते त्याला उरलेला भाग सापडेल.